जागा संपणं वेगळं, मुदत संपणं वेगळं

डिसेंबर लागला की कोकणातल्या फोटोग्राफरांच्या स्टेटसवर एक ठरलेली ओळ दिसायला लागते: 'फक्त ३ जागा शिल्लक! ऑफर रविवारपर्यंतच. त्वरा करा!!' ही ओळ दर वेळी खोटीच असते असं नाही. पण दोन निराळ्या गोष्टी तिच्यात एका दमात सांगितल्या आहेत, आणि वाचणाऱ्याला खटकतं ते तिथेच. तीनच जागा उरल्या असतील तर त्या भरल्या की विषय संपला, मग रविवार कशाला हवा? आणि रविवारी सगळं बंदच होणार असेल, तर सोमवारी फोन केला की खरंच नाही म्हणणार आहात का?

जागा मोजक्या असतात तेव्हा कामाला लागणारं काहीतरी मुळातच मोजकं असतं. उजेड असेल, वाळू असेल, नाहीतर तुमचा वेळ. मुदतीचं तसं नाही. त्या तारखेनंतर काहीतरी बदलणार असतं, म्हणून मुदत असते. म्हणजे जागा सांगताना 'इतक्याच का?' याचं उत्तर तयार हवं आणि मुदत सांगताना 'नंतर काय होणार?' याचं. यातलं एकही उत्तर नसताना घाई केली की ती गळेपडूपणा वाटते, मग शब्द कितीही गोड वापरा.

आधी जागा घेऊ, कारण किनाऱ्यावर काम करणाऱ्याच्या जागा निसर्गच मोजून देतो. समजा गुहागरच्या किनाऱ्यावर कुटुंबांचे छोटे शूट ठेवायचे आहेत, प्रत्येकी २५ मिनिटांचे. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेचारपर्यंत ऊन कडक असतं, डोळ्यांखाली सावल्या पडतात, पोरं डोळे बारीक करतात. पावणेपाचच्या आसपास उजेड कामाचा होतो आणि सूर्य बुडाल्यावरही पंधरा-वीस मिनिटं टिकतो. या पट्ट्यात ४:४०, ५:१५ आणि ५:५० अशा तीनच वेळा बसतात. मधली दहा मिनिटं सोडावीच लागतात, कारण एखादं पोर पाण्यातून बाहेर यायला तयार नसतं आणि पुढच्या घरातल्या काकूंना साडीच्या निऱ्या नीट करायच्या असतात. चौथं कुटुंब घुसवलंत तर कुणालातरी भगभगीत ऊन नाहीतर काळोख मिळणार.

आता पाणी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब ठाऊक असेलच: पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी चढलेलं. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहाएक तासांनी, म्हणजे पाच-साडेपाचला ओहोटी. ती उधाणाच्या दिवसांतली असल्यामुळे पाणी खूप मागे हटतं, लांबच लांब ओली वाळू मिळते आणि तिच्यात आभाळ उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी फार वर चढत नाही, पण ती ओली, सपाट वाळू पाण्याखाली असते. हा हिशोब ढोबळ आहे. ठिकाणाप्रमाणे वेळ मागेपुढे होते, म्हणून तारीख जाहीर करण्याआधी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावंच. शिवाय दुसऱ्या दिवशी ओहोटी सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येते. शनिवारी अमावास्या असेल तर रविवारीही संध्याकाळ साधते, पण त्याच्या पुढच्या शनिवारी पाणी नेमकं उलटं वागतं.

म्हणजे त्या शनिवार-रविवारी रोज तीन, अशा सहा जागा. हा आकडा तुम्ही ठरवलेला नाही, आणि कॅलेंडर उघडून तो कुणालाही तपासता येतो. म्हणून तो सांगताना उद्गारचिन्हाची गरजच पडत नाही:

'गुहागर किनारा, येता शनिवार-रविवार. अमावास्येची ओहोटी असल्यामुळे संध्याकाळी ओली वाळू मोठी मिळते. उजेडाच्या वेळेत दिवसाला तीनच कुटुंबं बसतात, दोन दिवसांत सहा. आज चार जागा मोकळ्या आहेत.'

शेवटचं वाक्य रोज बदलायचं, आणि खरं असेल तसंच बदलायचं. एखाद्याने रद्द केलं आणि मोकळ्या जागा दोनावरून तीन झाल्या, तर तीन लिहायच्या. आकडा उलटा चढलेला दिसला की आपली किंमत कमी होईल, असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. आकडा वरही जातो हे दिसलं की तो खाली जातो तेव्हा लोकांचा विश्वास बसतो. सगळ्या जागा सारख्या नसतात हेही सांगून टाकावं. ५:५० ची वेळ सगळ्यांना हवी असते आणि ४:४० ची शेवटपर्यंत पडून राहते. पण दोन-तीन वर्षांची मुलं असलेल्या घराला ४:४० चीच बरी, कारण पुढच्या तासाभरात पोरं पेंगायला लागतात.

आता मुदत. वरच्या जाहिरातीत ती कुठेच नाही, कारण अजून तिची गरज पडलेली नाही. ती लागते पुढच्या पायरीवर. पुण्याहून येणाऱ्या एका ताईंनी शनिवारची ५:१५ ची वेळ मागितली, 'घरी विचारून सांगते' म्हणाल्या, आणि तुम्ही नाव लिहून ठेवलंत. आता ती जागा ना मोकळी, ना पक्की. तेवढ्यात चिपळूणच्या एका कुटुंबाने तीच वेळ विचारली. इथे मुदत जन्माला येते, आणि ती जागेची नसून नाव धरून ठेवण्याची असते.

ही तारीख मनाने ठोकून द्यायची नाही, मागे मोजत यायचं. शूट शनिवारी. चिपळूणवाल्यांना कपडे काढायला, रजा सांगायला आणि गाडी बघायला दोन दिवस तरी हवेत. म्हणजे त्यांना गुरुवारी सकाळी कळलं पाहिजे, आणि म्हणून ताईंची मुदत बुधवारी रात्री ९ ची. निरोप असा जाईल:

'ताई, शनिवारची ५:१५ ची वेळ तुमच्या नावाने धरून ठेवली आहे. बुधवारी रात्री ९ पर्यंत ॲडव्हान्स आला की पक्की करतो. आणखी एका कुटुंबाने तीच वेळ विचारली आहे. त्यांना तयारीला दोन दिवस मिळावेत म्हणून गुरुवारी सकाळी कळवावं लागेल. जमणार नसेल तर तसंही सांगा, काही अडचण नाही.'

यात कारण आहे, तास आहे, आणि 'नाही' म्हणायला मोकळी वाट आहे. ती वाट ठेवली नाही तर माणसं नकार देत नाहीत, फोन उचलणं बंद करतात. कोकणात तर समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणणं अवघड, त्यात ओळख निघाली की आणखीच. आठवण एकदाच करायची, बुधवारी दुपारी, आणि ती फक्त ज्यांचं नाव धरलं आहे त्यांना. 'आता शेवटचे दोन तास' असला निरोप दोनशे जणांच्या यादीला पाठवण्याचं काही कारण नाही. त्यातल्या एकशे नव्वद जणांनी काही विचारलेलंच नसतं.

दोन्हींतला फरक खरा उघडा पडतो तो वेळ टळून गेल्यावर. सहा जागा भरल्या आणि सातव्याचा फोन आला, तर उत्तर एकच: जागा नाही. कितीही आर्जव केलं तरी सूर्य थांबणार नाही, आणि समोरचाही ते समजतो. पण गुरुवारी सकाळी दहाला ताईंचा फोन आला, 'अहो, राहूनच गेलं हो,' तर? चिपळूणकरांनी होकार दिला असेल तर प्रश्न मिटला. अजून कळवलंच नसेल, तर मोह होतो की कुणाला काय कळणार, देऊन टाकू. इथे मी तरी देत नाही. आधी चिपळूणला फोन, त्यांनी नको म्हटलं तर ताईंना. कारण एकदा मुदत सरकली की ती सरकते हे चार नातेवाइकांत पसरतं. पुढच्या हंगामात ॲडव्हान्स शेवटच्या दिवशीसुद्धा येत नाही, दोन दिवस उलटल्यावर येतो. मुदतीवर कुणाचा विश्वास उरलेला नाही, हे यावरून बिनचूक ओळखता येतं.

मुदत संपली आणि रांगेत दुसरं कुणीच नसेल, तर मात्र वेगळं. मग ताईंना सरळ सांगावं: 'जागा अजून मोकळी आहे, हवी असेल तर घ्या.' मुदत होती ती दुसऱ्यासाठी जागा सोडण्याची. दुसरा नसेल तर मोकळी जागा दाबून ठेवून कुणाचंच भलं नाही.

दराची मुदत हा आणखी एक प्रकार, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. १ जानेवारीपासून दर वाढणार असेल तर वाढवायचा, आणि २ तारखेला मागच्या गिऱ्हाइकालाही नवाच सांगायचा. नाहीतर ती ओळ लिहूच नये. दर महिन्याला 'शेवटची संधी' येणारं स्टेटस लोक बाजारातल्या कायमच्या सेलसारखं बघतात. शिवाय हा केवळ सभ्यपणाचा मामला राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न्सबाबत, म्हणजे ग्राहकाला भुलवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांबाबत, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी निकड दाखवणं त्यांत आहे. मागणी नसताना आहे असं भासवणं किंवा माल-सेवा उगाच थोडी उरल्याचं सांगणं हे त्यातच मोडतं.

लग्नाच्या कामात या दोन गोष्टी सगळ्यात जास्त गुंततात, कारण तिथे जागा एकच असते. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि चांगल्या तारखेला सिंधुदुर्गापासून रायगडापर्यंत सगळीकडे सनई वाजते. एका मुहूर्ताला तुम्ही एकाच मांडवात असणार, त्यामुळे 'जागा मोजक्या' हे सांगायलाच नको. सांगायची ती मुदत, आणि तीही दुसऱ्याने विचारल्यावरच. पहिल्या विचारणाऱ्याला सुरुवातीलाच समजावून ठेवावं: 'तारीख तुमच्या नावावर लिहिली आहे. दुसऱ्या कुणी मागितली तर आधी तुम्हाला फोन करीन, तेव्हापासून दोन दिवसांत ठरवा.' मग तो फोन जातो तेव्हा तो धमकीसारखा वाटत नाही, दिलेला शब्द पाळल्यासारखा वाटतो.

दुसरं कुणी नसतानाच 'दुसरी पार्टी मागतेय' म्हणणं ही या धंद्यातली सर्रास चालणारी थाप. शहरात खपतही असेल. इथे मांडववाला, केटरर आणि भटजी तेच ते असतात, आणि त्या मुहूर्ताला पंचक्रोशीत किती लग्नं आहेत हे वधूच्या मामाला तुमच्याआधी ठाऊक असतं. कुणी विचारलेलं नसेल तर तसंच सांगावं: 'तारीख मोकळी आहे, अजून कुणाचा फोन नाही. आला की कळवतो.' गिऱ्हाईक त्या दिवशी ॲडव्हान्स देईलच असं नाही, पण दुसरा फोन आल्याचं तुम्ही पुढे कळवाल तेव्हा ते खरं आहे का हे बघायला तो मामाला विचारत बसणार नाही.