साठलेल्या युनिटचं बिल : फोटोवरून काय तपासता येतं

आमच्याकडे वीजबिलाचे जे फोटो येतात, त्यांत बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "वापर तेवढाच, मग बिल दुप्पट कसं?" महावितरणच्या घरगुती बिलात याचं उत्तर बऱ्याचदा मागच्या महिन्यांत सापडतं. म्हणून फोटो एकाच बिलाचा पाठवू नका. 'चालू रीडिंग'च्या जागी लॉक किंवा फॉल्टी असा शेरा असलेली आधीची बिलंही हवीत. कागद सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फोटोत ३ आणि ८ सहज सारखे दिसतात. त्यामुळे आम्ही आधी चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करून गुणक अवयवाने गुणतो. उत्तर छापील युनिटशी जुळलं, तरच पुढे जातो.

आता समजा, घर बंद असल्यामुळे दोन महिने सरासरी ६० युनिटचं बिल आलं. तिसऱ्या महिन्यात रीडिंग झालं आणि तिन्ही महिन्यांचे मिळून २७० युनिट निघाले. २०२४-२५ च्या दराने पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० ला १०.२९ रुपये वीज आकार होता. सगळे २७० एकाच महिन्याचे धरले तर होतात २,२२०.३० रुपये. पण तीन महिन्यांत विभागले तर महिन्याला ९० पडतात, म्हणजे सगळे पहिल्याच टप्प्यात, आणि वीज आकार १,२७१.७० रुपये. फरक ९४८.६० चा. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं की १,१००.३८ रुपये जास्त गेले. (इंधन समायोजन आकार इथे धरलेला नाही. वहन आकार प्रतियुनिट सारखाच, त्याने फरक पडत नाही.)

आधी भरलेल्या १२० युनिटचे ५६५.२० रुपयेही वजा झालेले दिसायला हवेत. ते झाले तर या बिलात वीज आकार ७०६.५० उरतो. लॉकडाऊननंतर जून २०२० च्या बिलांवरून जो गोंधळ उडाला, त्यातही आकडेमोड हीच होती. टप्पे महिन्यांत विभागलेले असूनही एकत्र आकडा पाहून लोक हबकले होते. तेव्हा बिल मोठं आहे एवढ्यावरून ते चुकीचं ठरवू नका.

स्थिर आकार युनिटवर नाही, महिन्यावर लागतो. घर बंद असलं तरी तो द्यावाच लागतो. मात्र सरासरी बिलांतून तो भरलेला असेल, तर साठलेल्या बिलात पुन्हा तीन महिन्यांचा नको. रक्कम अचानक कित्येक पटींनी वाढली असेल तर 'दर संकेत' पाहा. सिंगल फेजचं थ्री फेज किंवा घरगुतीचं व्यापारी झालेलं असू शकतं.

मीटर जोरात पळतोय का, हे फोटोवरून आम्हाला सांगता येत नाही. त्यासाठी मीटर तपासणीचा अर्ज करावा लागतो. हिशोबात चूक सापडली तर महिनावार तक्ता आम्ही करून देतो. तो आणि बिलांच्या प्रती जोडून उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि तिथेही हीच पोच लागते.