निरीक्षण आणि शिफारस : अहवालाच्या सारांशातील फारकत

अहवालात दोन जातींची विधाने असतात. काय दिसले किंवा मोजले गेले हे सांगणारे विधान म्हणजे निरीक्षण, आणि त्यावरून काय करावे हे सांगणारे विधान म्हणजे शिफारस. मूळ अहवालात ती बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. पन्नास पानांचा अहवाल एका पानावर आणताना मात्र ती एकाच वाक्यात येतात, आणि तज्ज्ञाने पाहिले काय आणि सुचवले काय हे वाचणाऱ्याला कळेनासे होते. ठाणे आणि नवी मुंबईत हा गोंधळ सर्वांत जवळून दिसतो तो गृहनिर्माण संस्थांच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत. म्हणून ही नोंद प्रामुख्याने त्याच अहवालाच्या आधारे केली आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. तीस वर्षांवरील इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेण्याचे बंधन महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ मध्येही आहे. नौपाडा, कोपरी, वाशी, नेरूळ या भागांत असे वय झालेल्या इमारती भरपूर आहेत. इंजिनिअरचा जाडजूड अहवाल कमिटीकडे येतो, पण बहुतेक सभासद वाचतात ते सेक्रेटरीने नोटीस बोर्डावर लावलेले किंवा ग्रुपवर टाकलेले एक पान. निर्णय त्या पानावर होतो.

मधला थर

निरीक्षण आणि शिफारस यांच्यामध्ये एक तिसरा थर असतो, त्याला अभिप्राय म्हणता येईल. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजतात. एखाद्या कॉलमवर सेकंदाला २.७ किलोमीटर असा आकडा आला, तर तो आकडा हे निरीक्षण. आयएस १३३११ (भाग १, १९९२) या मानकाच्या तक्त्यात ३.० च्या खालच्या वेगाला ‘शंकास्पद’ प्रत म्हटले होते. त्या तक्त्याशी ताडून ‘या कॉलमचे काँक्रीट शंकास्पद आहे’ असे म्हणणे हा अभिप्राय. त्याच तक्त्याखाली अशा वेळी आणखी चाचण्या कराव्या लागू शकतात अशी टीप होती. म्हणजे मानकाच्या दृष्टीने शंकास्पद याचा अर्थ ‘पुढे तपासा’ एवढाच होता, ‘पाडा’ किंवा ‘जॅकेटिंग करा’, म्हणजे कॉलमभोवती काँक्रीटचा नवा थर चढवा, असा नव्हता.

हाफ-सेल चाचणीचेही तसेच. सळईचे विद्युत्-विभव तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक उणे आले, तर त्या जागी गंज चालू असण्याची संभाव्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. ही चाचणी संभाव्यता सांगते. सळई किती झिजली ते सांगत नाही. सारांशात मात्र ‘सळया गंजल्या आहेत’ असे छापून येते आणि पुढच्याच वाक्यात ‘म्हणून बदलाव्यात’. आकडा, त्याचा अर्थ आणि सल्ला अशा तीन पायऱ्या एका ओळीत उतरल्या, आणि अनिश्चितता कुठे होती ते पुसले गेले.

एक उदाहरण

पुढील संस्था आणि तिचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. ठाणे पूर्वेत १९८८ साली बांधलेली, दोन विंगची, ३२ सदनिकांची चार मजली इमारत आहे असे धरू. अहवालाच्या निरीक्षण-प्रकरणात लिहिले आहे : बी विंगच्या तळमजल्यावरील १४ कॉलमपैकी सहांवर सळईच्या रेषेत उभ्या भेगा आहेत आणि त्यातल्या दोघांचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटून सळई उघडी पडली आहे. चार कॉलमवर अल्ट्रासॉनिक चाचणी केली, वेग २.६ ते ३.१ आला. फिनॉल्फथॅलीन फवारल्यावर बाहेरचा ३५ मिलिमीटर थर रंगहीन राहिला, आणि तिथे कव्हर ३० मिलिमीटर आहे. (निरोगी काँक्रीट क्षारीय असते, त्यावर हे द्रावण गुलाबी होते. रंग न येणारा थर सळईपलीकडे गेला, याचा अर्थ सळईला गंजापासून वाचवणारी क्षारता तिथे उरलेली नाही.) पाच सदनिका बंद असल्याने आतून पाहता आल्या नाहीत.

अभिप्रायात इंजिनिअरने म्हटले आहे की भेगांच्या जागी सळईला गंज चालू असण्याची शक्यता मोठी आहे. शिफारशींचे प्रकरण वेगळे आहे. उघड्या सळईच्या दोन कॉलमलगत ताबडतोब टेकू द्यावेत. भेगा असलेल्या कॉलमपैकी चारांमधून कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून ताकद तपासावी, आणि तो निकाल पाहून कोणत्या कॉलमना जॅकेटिंग करायचे ते ठरवावे. इमारतीची वर्गवारी सी-२बी, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती करण्याची, धरावी. सर्व चौदा कॉलमना जॅकेटिंग करावे लागले, तर खर्च ३८ लाखांपर्यंत जाईल.

आता नोटीस बोर्डावरचे पान पाहा : ‘ऑडिटमध्ये बी विंगच्या सर्व कॉलमना जॅकेटिंग आवश्यक असल्याचे आढळले आहे. इमारत सी-२बी असून राहण्यास सुरक्षित आहे. खर्च ३८ लाख.’

यात खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाच नसतो, तरी तिन्ही वाक्ये चुकीची आहेत. पहिल्या वाक्यात शिफारशीला निरीक्षणाचे क्रियापद लावले आहे. ‘आढळतात’ त्या भेगा, जॅकेटिंग कोणालाही आढळत नाही, ते सुचवले जाते. शिवाय शिफारशीला जोडलेली अट, म्हणजे आधी कोअर आणि मग जॅकेटिंग, गळाली आणि सहाचे चौदा झाले. तिसऱ्या वाक्यातही तीच अट गळाली, त्यामुळे खर्चाची वरची मर्यादा हाच खर्च ठरला. दुसऱ्या वाक्यातली चूक अधिक धोक्याची आहे, आणि तिचे मूळ वर्गवारीतच आहे.

सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्याची. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करण्याची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करण्याची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. या श्रेणी इमारतीच्या स्थितीची नावे म्हणून वापरल्या जातात, पण त्यांची व्याख्या काय करावे यावरून झालेली आहे. निरीक्षण आणि शिफारस यांची गाठ श्रेणीच्या नावातच मारलेली आहे. म्हणून ‘आमची इमारत सी-२बी आहे’ एवढेच सांगणारा सारांश अपुरा असतो. ‘रिकामी न करता’ हे दुरुस्तीच्या पद्धतीबद्दलचे शब्द आहेत, आणि दुरुस्ती होणार हे त्यात गृहीत आहे. दुरुस्ती लांबली तर त्या शब्दांचा आधार उरत नाही.

सभेत काय घडते

सर्वसाधारण सभेत ए विंगचे सभासद म्हणतात, आमचे कॉलम चांगले आहेत, ३८ लाख कशाला? ज्यांना पुनर्विकास हवा आहे ते म्हणतात, सगळेच कॉलम गेलेत तर दुरुस्ती तरी का करायची? दोन्ही गट त्याच पानाचा आधार घेतात. शेवटी ठराव होतो : ‘अहवाल मान्य नाही.’

या ठरावाने नेमके काय अमान्य झाले, हे कोणालाच सांगता येत नाही. शिफारस नाकारण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा अधिकार सभेला आहे. पैसे तिचे, प्राधान्य तिचे, कायद्याच्या मर्यादेत निर्णयही तिचा. भेगा मात्र बहुमताने नाकारता येत नाहीत. निरीक्षणाला आव्हान द्यायचे तर दुसरी मोजणी आणावी लागते, जसे तेच कॉलम, तीच चाचणी, दुसरा इंजिनिअर. सारांशात दोन्ही वेगळी असती तर सभेपुढे दोन वेगळे प्रश्न आले असते आणि ‘निरीक्षणे नोंदवून घेतली, टेकू लगेच, कोअर चाचणीनंतर पुन्हा सभा’ असा ठराव सहज झाला असता. टेकूंचा खर्च ३८ लाखांच्या वादात अडकला नसता.

सारांश लिहिताना

कामाची पद्धत साधी आहे. मूळ अहवालातल्या प्रत्येक निरीक्षणाला क्रमांक द्यावा आणि प्रत्येक शिफारशीपुढे ती कोणत्या क्रमांकावर उभी आहे ते लिहावे. हे करताना दोन गोष्टी हमखास सापडतात. एखादी शिफारस कोणत्याच निरीक्षणाशी जुळत नाही. गच्ची तपासल्याचा उल्लेख कुठे नसताना संपूर्ण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची शिफारस हा नेहमीचा नमुना आहे. अशा वेळी सारांशकाराने आधार आपल्या मनाने न पुरवता इंजिनिअरला विचारावे. उलट, एखाद्या निरीक्षणाला शिफारसच नसते. तेही तसेच ठेवावे, कारण ‘पाच सदनिका पाहिल्या नाहीत’ हे वाक्य गाळले की उरलेला अहवाल ३२ सदनिकांचा वाटू लागतो.

वाक्य कोणत्या बाजूचे हे ओळखायला एक कसोटी पुरते : संस्थेकडे एक रुपयाही नसता तरी हे वाक्य खरे राहिले असते का? रंगहीन थराची ३५ मिलिमीटर खोली राहिली असती. ‘तातडीने दुरुस्ती गरजेची’ यातली तातडी अभिप्रायात जाते, दुरुस्ती शिफारशीत. वरच्या नोटिशीचे दुरुस्त रूप असे होईल :

‘पाहणीत दिसले : बी विंगच्या १४ पैकी ६ कॉलमवर भेगा, त्यातील दोघांची सळई उघडी. पाच सदनिका पाहता आल्या नाहीत. इंजिनिअरचे मत : भेगांच्या जागी सळईला गंज चालू असण्याची शक्यता मोठी. इंजिनिअरची शिफारस : दोन कॉलमलगत लगेच टेकू, चार कॉलमची कोअर चाचणी, जॅकेटिंग किती कॉलमना हे त्यानंतर. खर्च ३८ लाखांपर्यंत जाऊ शकतो. दुरुस्ती इमारत रिकामी न करता करता येईल (सी-२बी).’

पान तेवढेच आहे, फक्त प्रत्येक वाक्य कोणाचे आणि कशावरून हे दिसते.

फारकत म्हणजे आधी निरीक्षणे, मग शिफारशी असा क्रमाचा नियम मात्र नव्हे. टेकू आज द्यायचे असतील तर तेच पहिल्या ओळीत हवे. फक्त ती शिफारस आहे हे कळले पाहिजे. विमान अपघातांच्या चौकशीसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने परिशिष्ट १३ मध्ये जो अहवालाचा आराखडा दिला आहे, त्यात वस्तुस्थिती, विश्लेषण, निष्कर्ष आणि सुरक्षा-शिफारशी असे चार स्वतंत्र भाग आहेत. सुरक्षा-शिफारस केली म्हणून कोणाचा दोष किंवा दायित्व गृहीत धरू नये, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. ऑडिटच्या सारांशात ‘गळती थांबवावी’ ही शिफारस ‘वरच्या मजल्यावाल्यांमुळे गळती’ अशी होऊन येते, तेव्हा हीच रेषा ओलांडलेली असते.

मर्यादा

ही विभागणी काटेकोर असली तरी पूर्ण नसते. कोणत्या कॉलमवर चाचणी घ्यायची हे इंजिनिअरच ठरवतो, त्यामुळे निरीक्षणातही त्याची निवड असते. ऑगस्टमधल्या पाहणीत दिसणारी ओल मे महिन्यात दिसत नाही, म्हणून तारीख हा निरीक्षणाचाच भाग धरावा. दोन ऑडिट परस्परविरोधी आली, तर आधी निरीक्षणे शेजारी ठेवून पाहावीत. पुष्कळदा आकडे जवळपास सारखे असतात आणि वाद फक्त अभिप्रायात किंवा शिफारशीत असतो. आकडेच वेगळे असतील तर पुन्हा मोजण्याला पर्याय नाही.

तीन वर्षांनी पुढचे ऑडिट होते तेव्हा तुलना करता येते ती निरीक्षणांची : भेगांचे कॉलम सहाचे आठ झाले का, रंगहीन थर ३५ चा ४० मिलिमीटर झाला का. आधीच्या कमिटीच्या दप्तरात फक्त ‘जॅकेटिंग आवश्यक, ३८ लाख’ एवढाच सारांश उरला असेल, तर नव्या इंजिनिअरला तुलनेसाठी त्यातून काहीच मिळत नाही.