पार्श्वभूमी: लांबलेल्या चॅटमधून पहिला मेसेज कधी आणि का गळतो

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या कोर्टकचेऱ्यांभोवती टंकलेखन करणाऱ्यांच्या टेबलांवर आता लॅपटॉप आहेत आणि अर्ज, प्रतिज्ञापत्रं, किरायाचे करार यांचा कच्चा मसुदा बऱ्याचदा चॅटबॉटकडून काढला जातो. तिथली एक तक्रार नेहमीची आहे. सुरुवातीला सगळं नीट सांगितलं, मसुदाही छान जमत होता, आणि शेवटी शेवटी यंत्र भलतेच आकडे लिहायला लागलं. हा दोष एका रात्रीत आलेला नाही, त्यामागे काही वर्षांत झालेले निर्णय आहेत.

बोलणाऱ्या प्रोग्रामांना मागचं आठवण्याची अडचण जुनीच आहे. 1966 च्या सुमाराचा एक प्रोग्राम वापरणाऱ्याची काही वाक्यं बाजूला ठेवून द्यायचा आणि बोलणं अडलं की त्यातलं एखादं पुन्हा पुढे करायचा. आजच्या प्रश्नाचं मूळ मात्र चॅटबॉटमागे चालणाऱ्या, 2017 नंतरच्या भाषा-मॉडेलांच्या रचनेत आहे. या मॉडेलांना दोन प्रश्नांच्या मधे काहीच आठवत नाही. प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर आधीचं सगळं संभाषण पुन्हा पाठवलं जातं आणि मॉडेल ते पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाचतं. मॉडेल मजकूर शब्दांच्या लहान तुकड्यांत, म्हणजे टोकनांत, मोडून वाचतं आणि एका वेळी किती टोकन वाचता येतील याला मर्यादा असते. 2019 च्या एका गाजलेल्या मॉडेलची मर्यादा 1,024 होती, 2020 मधल्या त्याच्या मोठ्या भावाची 2,048. 2022 च्या अखेरीस चॅटबॉट घरोघरी पोचले तेव्हा ती 4 हजारांच्या थोडी वर होती, आणि येणारं उत्तरही त्यातच बसवावं लागे.

मर्यादा भरल्यावर काय करायचं, या प्रश्नाला एकाच काळात दोन वेगळी उत्तरं दिली गेली. प्रोग्रामरसाठीच्या सेवेत मजकूर जास्त झाला की सरळ चूक दाखवली जायची: `This model's maximum context length is 4097 tokens`. काम थांबायचं, पण कारण कळायचं. चॅटच्या पडद्यावर असं थांबणं वाईट दिसलं असतं. म्हणून तिथे, आणि या सेवांवर बांधलेल्या असंख्य लहानमोठ्या बॉटमध्ये, सोपी युक्ती रूढ झाली. बॉटला दिलेल्या मूळ सूचना वर तशाच ठेवायच्या आणि त्याखालचे सर्वात जुने मेसेज गुपचूप काढत जायचे. प्रोग्राममध्ये हे दोनतीन ओळींचं काम आहे.

ताजं बोलणं जास्त उपयोगी, असं याचं समर्थन केलं जातं. गप्पांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण कामाच्या चॅटमध्ये माणूस आपला सगळा तपशील पहिल्याच मेसेजमध्ये ओततो. नावं, रकमा, तारखा, अपवाद हे सगळं तिथेच असतं. पुढे फक्त 'हे कलम बदला', 'भाषा जरा सौम्य करा' एवढंच. सर्वात जुनं आधी काढायचं ठरवलं की सर्वात मोलाचं आधी जातं. त्यात पडद्यावर मात्र तो मेसेज तसाच दिसत राहतो. बोट सरकवलं की डिपॉझिटचे, समजा, 60,000 रुपये समोर लिहिलेले आहेत, आणि मॉडेलपर्यंत ते पोचलेलेच नाहीत. ही तफावत न सांगण्याचा निर्णय तांत्रिक अडचणीतून आलेला नव्हता. एक ओळीची सूचना सहज देता आली असती.

एक उदाहरण घेऊ. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, किराया 14,500, डिपॉझिट 60,000, दुचाकी आत लावायची परवानगी नाही. हे सगळं पहिल्या मेसेजमध्ये मराठीत लिहिलं. मर्यादा 4,100 धरू. बॉटच्या मूळ सूचनांना 200 आणि नव्या उत्तरासाठी राखून ठेवलेले 600 वजा केले की संभाषणाला 3,300 उरतात. एक मराठी प्रश्न 100 आणि त्याचं उत्तर 500, म्हणजे एका फेरीला 600 टोकन. सहाव्या प्रश्नापर्यंत सगळं मावतं. सातव्याला आधीच्या सहा फेऱ्यांचेच 3,600 होतात आणि पहिली फेरी बाहेर पडते. नेमकं याच वेळी 'वर ठरल्याप्रमाणे डिपॉझिट परतीचं कलम लिहा' असं सांगितलं, तर मॉडेलसमोर 'वर ठरलेलं' काहीच नसतं. मधल्या एखाद्या उत्तरात किरायाचा आकडा आलेला असेल तर तीन महिन्यांचा किराया धरून 43,500 लिहिलं जाण्याची शक्यता असते. कलमाची भाषा निर्दोष असते, म्हणून चूक डोळ्यांत भरत नाही.

पुढची गुंतागुंत अशी की गळती सरसकट होत नाही. मधल्या उत्तरांमध्ये जो तपशील पुन्हा लिहिला गेला तो टिकतो. दुचाकीचा अपवाद पहिल्या मेसेजनंतर कुणीच उच्चारला नसेल तर तो आधी जातो. 43,500 मात्र आता ताज्या मेसेजमध्ये असल्यामुळे यापुढे तोच खरा ठरतो. ओळखण्याची खूण हीच: रक्कम किरायाच्या नेमक्या पटीत येते, किंवा आकडा टाळून 'ठरलेली रक्कम' असं मोघम लिहिलं जातं. आठवतं का, असं विचारण्यात अर्थ नाही, होकारच मिळण्याची शक्यता जास्त. आकडा न सांगता डिपॉझिट किती ठरलं ते विचारावं, आणि चुकलं तर पहिला मेसेज पुन्हा चिकटवावा.

मराठीत लिहिणाऱ्यांना याचा फटका जास्त बसला. मे 2024 मध्ये एका कंपनीने नवी टोकन-पद्धत आणताना जे आकडे दिले, त्यात नमुन्याचा एकच मजकूर जुन्या पद्धतीत इंग्रजीत 27 टोकनांचा होता आणि मराठीत 96 चा. वरचीच फेरी इंग्रजीत 170 च्या आसपास बसली असती आणि पहिला मेसेज सातव्याऐवजी विसाव्या प्रश्नाच्या आसपास गळला असता. इंग्रजीतून काम करणाऱ्यांना जी अडचण क्वचित येत होती ती इथे चहा पिऊन होईस्तोवर यायची. नव्या पद्धतीत मराठीचे 96 चे 33 झाले.

दरम्यान जुन्या मेसेजचा सारांश करून तो ठेवायची पद्धतही आली. सारांशात विषय टिकतो. आकडे आणि नकार निसटतात. 'किरायाच्या करारावर चर्चा झाली, डिपॉझिट ठरलं' एवढं उरलं तर कलम लिहिताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

मर्यादाही झपाट्याने वाढल्या: मे 2023 मध्ये एक लाख टोकन, फेब्रुवारी 2024 मध्ये दहा लाखांची घोषणा. पण 2023 च्याच एका अभ्यासात दिसलं की लांब मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेलांना चांगलं सापडतं, मधलं कमी. ही अडचण वेगळी आहे. इथे तपशील आत असतो, फक्त नजरेतून सुटतो, आणि तो पुन्हा शेवटी लिहिला की बहुतेक वेळा काम होतं. शिवाय मर्यादा वाढली तसे लोक जुने करार, सातबारा, निकालपत्रं अख्खी चिकटवू लागले आणि डिपॉझिटची ती एक ओळ आता अशा पन्नास पानांच्या मधे जाऊन बसते.