घर भाड्याने घेताय? पत्ता नको, गेटची पिन पाठवा

भाड्याने घ्यायच्या घराला पुराचा किंवा दरडीचा धोका आहे का, याचा रिपोर्ट आम्ही बनवून देतो. रोज मेसेज येतो, "हा पत्ता आहे, पुराच्या झोनमध्ये येतो का दरड कोसळायच्या पट्ट्यात येतो का एवढंच बघून सांगा." आम्ही उलट विचारतो की इमारतीच्या गेटची मॅपवरची पिन पाठवा, आणि मग बऱ्याच जणांना वाटतं की आम्ही उगाच वेळ काढतोय, पत्ता तर दिलाय ना. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

पत्ता मॅपमध्ये टाकला की पिन पडते, पण ती तुमच्या घरावरच पडते असं नाही. मॅपला ती इमारत नेमकी माहीत असेल तर ठीक, नसेल तर तो रस्त्याच्या दोन टोकांवरून घर नंबरचा अंदाज बांधतो, आणि तेही जमलं नाही तर एरियाच्या किंवा पिनकोडच्या मधोमध पिन टाकून मोकळा होतो. स्क्रीनवर तिन्ही पिना सारख्याच लाल दिसतात, कुठली पक्की आणि कुठली अंदाजपंचे ते कळत नाही. पुराची रेषा मात्र एखाद्या गल्लीतूनसुद्धा जाते, एका बाजूची घरं आत, समोरची बाहेर. त्यामुळे पिन दोनशे मीटर सरकली की उत्तरच बदलतं.

एक केस सांगतो. एका ताईंनी सोसायटीचं नाव आणि रस्ता पाठवला, सोबत ब्रोकरने दिलेली लिंक. ती पिन रस्त्याच्या मध्यावर होती, ओढ्यापासून जवळजवळ ४०० मीटर लांब आणि ओढ्याच्या पात्रापेक्षा ११ मीटर वर, म्हणजे बघायला गेलं तर काळजीचं काही कारण नाही. आम्ही गेटची पिन मागितली. त्यांनी तिथे जाऊन पाठवली तेव्हा कळलं की रस्ता पुढे उतरत जातो आणि ही सोसायटी शेवटच्या टोकाला आहे, ओढ्यापासून ६० मीटरवर, पात्रापेक्षा फक्त ३ मीटर उंच, आणि पार्किंगला रस्त्यावरून खाली जाणारा रॅम्प. सरकारी पूरनकाशात हे घर कुठल्याच रंगात नव्हतं, कारण तो नकाशा मोठ्या नदीचा होता आणि ओढा त्यात धरलेलाच नव्हता. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर म्हणून त्या निर्धास्त होत्या, पण मीटर रूम आणि पाण्याचा पंप दोन्ही त्याच पार्किंगमध्ये. पाणी भरलं तर घर कोरडं राहील पण लाइट नाही, लिफ्ट नाही, नळाला पाणी नाही. शेवटी त्यांनी त्याच रस्त्यावर वरच्या बाजूचं घर घेतलं.

यात उंचीचा जो आकडा आहे तो समुद्रसपाटीपासूनचा नाही हे नीट लक्षात घ्या. बरेच जण लिहितात, "आमचा एरिया ५५० मीटर उंचीवर आहे, मग पूर कसला?" त्याने काहीच ठरत नाही. बघायचं असतं ते हे की घराखालची जमीन सगळ्यात जवळच्या ओढ्या-नाल्याच्या पात्रापेक्षा किती वर आहे. फुकट मिळणारा उंचीचा डेटा साधारण ३० मीटरच्या चौकोनांचा असतो आणि त्यात झाडांचे शेंडे, इमारतींच्या गच्च्यासुद्धा मोजल्या जातात, म्हणजे दाट वस्तीत जमीन आहे त्यापेक्षा उंच दिसू शकते. म्हणूनच आम्ही गेटसमोरचा एक फोटो मागतो, ज्यात रस्ता आणि इमारतीचं जोतं दोन्ही दिसतंय. जोतं रस्त्याच्या वर किती आहे, भिंतीवर जुन्या पाण्याची आडवी रेघ आहे का, तळमजल्याच्या दारांना पाणी अडवायला उंबरे नंतर बांधलेत का, हे एका फोटोत दिसतं आणि सॅटेलाइटवरून कधीच दिसत नाही.

अजून एक, "शंभर वर्षांचा पूर" वाचून लोक म्हणतात आपण तर तीनच वर्षं राहणार. त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदाच येणारा असा नाही, दर वर्षी १ टक्का शक्यता असा आहे. भाडेकरूला खरा त्रास त्याहून लहान पण वारंवार येणाऱ्या पाण्याचा होतो. ज्या पाण्याची शक्यता दर वर्षी १० टक्के आहे ते तीन वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २७ टक्के होते, आणि बऱ्याच नकाशांवर ते वेगळं दाखवलेलंच नसतं. आमच्या रिपोर्टमध्ये म्हणून आधी हे लिहितो, मोठ्या पुराचं नंतर.

डोंगराजवळचं घर असेल तर पिन बरोबर असूनही फसायला होतं. दरडीचे नकाशे बहुतेक वेळा हे दाखवतात की माती कुठून सुटू शकते, ती वाहत कुठे येऊन थांबेल हे दाखवतातच असं नाही. पायथ्याचं सपाट घर नकाशात हिरवं दिसतं आणि त्याच्या बरोबर वर घळ असते. दरड घळीतून चिखल होऊन उतरली की उतार संपतो तिथे पंख्यासारखी पसरते, आणि सपाट म्हणून घरं नेमकी तिथेच बांधलेली असतात. त्यातून नकाशा १:५०,००० चा असेल तर त्यावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, एका घराचा निकाल त्यावर लावायचा नाही. त्यामुळे आम्ही घराची जागा बघून थांबत नाही, वर डोंगरमाथ्यापर्यंत जातो. तुमच्याकडून इमारतीच्या मागच्या बाजूचा फोटो लागतो. डोंगर कापून भिंत घातली असेल तर ती पुढे फुगली आहे का, पाणी निघायची भोकं बुजली आहेत का, वरचे खांब किंवा झाडं कलली आहेत का ते बघतो. भोकांतून अचानक गढूळ पाणी यायला लागलं असेल तर ते आवर्जून लिहा.

आता पिन कशी पाठवायची. गेटसमोर उघड्यावर उभं राहा, फोनवरचं निळं वर्तुळ लहान होईपर्यंत थांबा, मग लोकेशन पाठवा. जाणं शक्य नसेल तर मॅप सॅटेलाइटवर करा, इमारत ओळखा, गेटवर बोट दाबून धरा आणि जे आकडे येतात ते जसेच्या तसे कॉपी करा. दशांशानंतरचे आकडे कापू नका प्लीज, तीनच ठेवले तर फरक शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकतो, पाच असले तर साधारण एका मीटरवर येतो. मॅपवर जागेला दिसणारा अक्षर-आकड्यांचा प्लस कोड पाठवला तरी चालतो, तो साधारण १४ मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो, फक्त सोबत गावाचं नाव टाका. ब्रोकरची लिंक आधी स्वतः उघडून बघा, पुष्कळदा ती त्याच्या ऑफिसची नाहीतर नुसत्या एरियाची निघते.

पिन बदलली की आम्हाला ओढा, उंची, उतार, जुन्या पावसाळ्यांचे सॅटेलाइट फोटो सगळं पहिल्यापासून काढावं लागतं, म्हणून दुसऱ्या पिनचा चार्ज वेगळा लागतो. तो लागू नये म्हणूनच आधी एवढं विचारतो. दोन-तीन घरं बघत असाल तर सगळ्यांच्या पिना एकदम पाठवा, एकाच एरियातली असतील तर एकाच रिपोर्टमध्ये शेजारी शेजारी मांडून देतो, निवडायला सोपं जातं. नाली तुंबून साचणारं पाणी आमच्या रिपोर्टमध्ये पकडता येत नाही, ते तळमजल्यावर राहणाऱ्यांना किंवा वॉचमनला विचारा, घरमालकाला नको. आणि हे सगळं टोकन द्यायच्या आधी करा, ॲग्रीमेंट झाल्यावर आलेला रिपोर्ट हातात असून उपयोगी पडत नाही.