वॉलेटमधली ‘अनलिमिटेड’ परवानगी: ती कुठे राहते आणि कशी काढायची
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, मुंबई)

स्वॅप करताना, म्हणजे एक क्रिप्टो टोकन देऊन दुसरा घेताना, वॉलेट दोनदा विचारतं. पहिल्यांदा विचारतं ते परवानगीसाठी, दुसऱ्यांदा प्रत्यक्ष स्वॅपसाठी. लोकलची वाट बघता बघता फोनवर काम उरकणारे बहुतेक जण दोन्ही वेळा न वाचता ‘Confirm’ दाबतात. दुसऱ्या पडद्यावर काय होतं ते लगेच दिसतं. पहिल्या पडद्यावर दिलेली परवानगी मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते, म्हणून हे पत्रक पहिल्या पडद्याबद्दल आहे.

इथेरियमवरचा यूएसडीटीसारखा टोकन म्हणजे एका काँट्रॅक्टने, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने, सांभाळलेली खातेवही. तुमच्या नावावर किती टोकन आहेत याची एक नोंद त्यात असते. तुमच्या वतीने कोण किती टोकन उचलू शकतो, याची दुसरी नोंद असते. स्वॅप करणाऱ्या काँट्रॅक्टला तुमचे टोकन परस्पर घेता येत नाहीत, म्हणून तो आधी ही दुसरी नोंद करून घेतो:

```
approve(spender, amount)
```

`spender` म्हणजे ज्याला परवानगी दिली तो पत्ता, आणि `amount` म्हणजे मर्यादा. ही नोंद झाली की तो पत्ता `transferFrom` वापरून त्या मर्यादेपर्यंत टोकन उचलू शकतो. उचलताना तुमची सही पुन्हा लागत नाही. धोका नेमका इथे आहे. हार्डवेअर वॉलेट तिजोरीत ठेवलेलं असलं तरी फरक पडत नाही, कारण सही आधीच देऊन झालेली असते.

दर वेळी नवी परवानगी आणि नवी फी नको, म्हणून अनेक ॲप्स मर्यादेच्या जागी शक्य तेवढा मोठा आकडा घालतात. तो म्हणजे 2 चा 256 वा घात वजा 1, दशमान पद्धतीत 78 अंकी. वॉलेट तो आकडा न दाखवता ‘Unlimited’ असं लिहितं. बऱ्याच टोकनांत, यूएसडीटीतही, हा सर्वांत मोठा आकडा असला की खर्चानंतर तो कमीसुद्धा होत नाही. यूपीआय ऑटोपेच्या मँडेटला कमाल रक्कम आणि शेवटची तारीख असते. इथे दोन्ही नसतात. हा रक्कम न घातलेला सही केलेला चेक आहे, आणि तो कधी शिळा होत नाही.

एक उदाहरण घेऊ. दादरच्या एका ग्राहकाने जानेवारीत 200 यूएसडीटीचे इथर घेतले आणि स्वॅपच्या काँट्रॅक्टला अनलिमिटेड परवानगी दिली. स्वॅप नीट झाला, वॉलेटमध्ये यूएसडीटी शून्य उरले, विषय संपला असं वाटलं. ऑगस्टमध्ये त्याच पत्त्यावर 6,000 यूएसडीटी आले. सप्टेंबरमध्ये त्या काँट्रॅक्टमधली चूक कुणाच्या तरी हाती लागली आणि त्याने काँट्रॅक्टकडूनच `transferFrom` करवून घेतलं. 6,000 यूएसडीटी एका व्यवहारात गेले. जानेवारीत मर्यादा 200 ठेवली असती, तर स्वॅप होताच ती शून्यावर आली असती आणि चोराला उचलायला काहीच उरलं नसतं. परवानगी देताना वॉलेटमध्ये किती होते याला इथे अर्थ नाही, चोरीच्या दिवशी किती आहेत तेवढेच जातात.

असं घडतंही. जुलै 2024 मध्ये एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर टोकन नेणाऱ्या `LI.FI` या ब्रिज-सेवेच्या काँट्रॅक्टमधल्या चुकीमुळे साधारण 1.16 कोटी डॉलरचे टोकन गेले, आणि फटका बसला तो अमर्याद परवानगी देऊन ठेवलेल्यांना. सेवा खरी होती, साइटही खरी होती. ‘मी फक्त नावाजलेल्या साइट वापरतो’ एवढ्यावर भागत नाही, ते यासाठी.

परवानगी काढताना

आधी एक गैरसमज, जो आमच्याकडे रोज ऐकू येतो. साइटवरून वॉलेट ‘Disconnect’ केलं, ॲप काढून टाकलं, फोन बदलला, यांपैकी कशानेही परवानगी जात नाही. ‘Disconnect’ने साइटला तुमचा पत्ता दिसणं थांबतं, इतकंच. परवानगीची नोंद टोकनच्या काँट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आहे. ती पुसायला तिथेच नवी नोंद करावी लागते:

```
approve(spender, 0)
```

म्हणजे रिव्होक हा वेगळा काही प्रकार नाही, तीच परवानगी शून्य मर्यादेची करून पुन्हा देणं आहे. त्यासाठी `etherscan.io/tokenapprovalchecker` किंवा `revoke.cash` हा पत्ता स्वतः टाइप करून उघडा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवर जाऊ नका, कारण रिव्होकच्या नावाने परवानगी लाटणाऱ्या नकली साइट आहेत. तुमचा पत्ता टाकला की टोकन, परवानगी कोणाला आणि किती, अशी यादी येते. ज्या टोकनची शिल्लक मोठी आणि मर्यादा ‘Unlimited’, ती ओळ आधी हाताळा. वॉलेट जोडा, ‘Revoke’ दाबा आणि वॉलेटच्या पडद्यावर मर्यादा 0 आहे किंवा परवानगी काढली जात आहे, हे वाचूनच सही करा. तिथे 0 सोडून दुसरा आकडा दिसला तर तिथेच थांबा.

फी त्या ब्लॉकचेन-साखळीच्या मूळ नाण्यात, म्हणजे इथेरियमवर इथरमध्ये जाते. नुसते यूएसडीटी असलेल्या वॉलेटमधून रिव्होक होत नाही. गॅस म्हणजे व्यवहाराला लागणाऱ्या कामाचं माप, आणि ग्वेई म्हणजे इथरचा एक अब्जावा भाग. रिव्होकला साधारण 30,000 गॅस लागतो. गॅसचा भाव 5 ग्वेई असेल तर 0.00015 इथर. व्यवहार ‘Pending’ असेपर्यंत जुनी परवानगी चालू असते. तो फेल झाला तर फी जाते आणि परवानगी तशीच राहते. खात्री करायची असेल तर इथरस्कॅनवर टोकनच्या काँट्रॅक्टचं पान उघडा, ‘Read Contract’मध्ये `allowance` शोधा, तुमचा आणि स्पेंडरचा पत्ता भरा. उत्तर 0 यायला हवं.

प्रत्येक टोकन, प्रत्येक स्पेंडर आणि प्रत्येक साखळी यांची परवानगी वेगळी. इथेरियमवर काढली म्हणून पॉलिगॉनवरची जात नाही. यूएसडीटीची एक खोड आहे: इथेरियमवर मर्यादा 100 वरून थेट 300 करता येत नाही, आधी 0 करावी लागते. त्यामुळे दोन व्यवहार दिसले तर घाबरू नका. आणि न मागता वॉलेटमध्ये येऊन पडलेल्या अनोळखी टोकनच्या परवानगीला हात लावू नका, त्यांतले काही टोकन रिव्होक करायला गेलात की गॅस उडवण्यासाठीच लिहिलेले असतात.

रिव्होक केल्याने आधीच कर्जाच्या किंवा स्टेकिंगच्या काँट्रॅक्टमध्ये ठेवलेले टोकन अडकत नाहीत. ते तुमच्या वॉलेटमध्ये नाहीतच. मात्र लावून ठेवलेली लिमिट ऑर्डर पूर्ण होणार नाही.

जिथे रिव्होक पुरत नाही

गेलेले टोकन रिव्होकने परत येत नाहीत. सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची किल्ली असलेले गुप्त शब्द, बाहेर गेली असेल तर रिव्होकचा उपयोगच नाही, चोर स्वतःच तुमच्या नावाने सही करू शकतो. अशा वेळी शिल्लक नव्या सीड फ्रेजच्या वॉलेटमध्ये हलवा.

दुसरी गोष्ट ‘Permit’ची. काही टोकनांत परवानगी नुसत्या सहीने देता येते. फी लागत नाही, व्यवहार दिसत नाही, म्हणून लोक बिनधास्त सही करतात. ती सही वापरली जाईपर्यंत वरच्या यादीत दिसत नाही. संशयास्पद साइटवर ‘Permit’ किंवा ‘Spender’ शब्द असलेली सही झाली असेल, तर शोधत बसू नका. तो टोकन लगेच दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. सही जुन्या पत्त्याच्या शिल्लकेपुरतीच आहे.

पुढच्या वेळी परवानगीच्या पडद्यावर ‘Spending cap’ शेजारची पेन्सिल दाबून स्वॅपची रक्कमच भरा: 200 चा स्वॅप, तर 200. जिथे फी नगण्य आहे अशा साखळ्यांवर अनलिमिटेड देण्याचं कारणच उरत नाही. इथेरियमवर वारंवार काम असेल तर महिन्याच्या वापराएवढी मर्यादा ठेवा, आणि मोठी शिल्लक अशा पत्त्यावर ठेवा ज्यावरून कधीच कुठे `approve` केलेलं नाही.

चोरी झालीच, तर 1930 वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. त्या वेळी व्यवहाराचा हॅश, तुमचा पत्ता आणि टोकन ज्या पत्त्यावर गेले तो पत्ता हाताशी ठेवा. सीड फ्रेज कोणालाही सांगू नका, आमच्या काउंटरवरच्या माणसालाही नाही.