पोकलेनचं ऑइल तापतं तेव्हा

"दुपारी हायड्रॉलिक ऑइल तापून पातळ होतं, म्हणून ४६ ऐवजी जाडं ६८ नंबरचं टाकायचं ना?"

नको, आधी कूलर बघा. दाबाखालचं ऑइल काम न करता रिलीफ व्हॉल्व्हमधून किंवा आतल्या गळतीतून टाकीत परतलं, की त्या दाबाची उष्णता होते. ती बाहेर टाकतो कूलर. कुडाळजवळच्या आमच्या चिरेखाणीवर कूलरच्या जाळीत तांबडी धूळ तेलकट होऊन थापली होती. पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने हवा मारून ती काढली, आणि काटा लाल पट्ट्यातून खाली आला. जाडं ऑइल सकाळी थंड असताना पंपाला ओढवत नाही. पंप किंचाळतो, आतून खाल्ला जातो. जुना रिटर्न फिल्टर कापून बघा: पितळी चमक दिसली तर पंप झिजतोय, नुसता कूलर साफ करून भागणार नाही.