प्रथमोपचाराचं पत्र आणि फायर वॉर्डनचं पत्र: दिसायला सारखी, मुदत वेगळी

रत्नागिरीतल्या आंबा कॅनिंगच्या एका युनिटमध्ये सेफ्टीच्या फायली बघताना ही दोन्ही पत्रं मला एकाच प्लास्टिक पाकिटात मिळाली. दोन्हींवर सोनेरी किनार, कामगाराचा फोटो आणि गोल शिक्का. मॅनेजर म्हणाले, "दोन्ही तीन वर्षांची आहेत, चिंता नको." पहिल्याबाबत त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्याची तीन वर्षं त्यांनी मनानेच धरली होती.

प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र माणसाच्या हातांचं असतं. सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचं पत्र तीन वर्षं चालतं, मग पुन्हा वर्ग आणि पुन्हा परीक्षा. मुदत असण्याचं कारण पुतळ्यावर सीपीआर करताना कळतं. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची असते. दोन वर्षं सराव नसलेला माणूस घाईघाईने, पण वरवर दाबतो, आणि आपण बरोबर करतोय अशी त्याची खात्री असते. मात्र हे पत्र माणसाबरोबर फिरतं. लोट्याच्या केमिकल कंपनीतून कुणी मिरजोळ्याच्या फिश प्रोसेसिंगमध्ये आला, तरी ते तितकंच खरं.

1948 च्या कारखाना कायद्याने 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि प्रत्येक पेटीला प्रमाणपत्र असलेला, कामाच्या वेळात हाताशी असणारा माणूस असं बंधन घातलं. प्रमाणपत्रही राज्य सरकारने मान्य केलेलं हवं, असं त्यात होतं. दोन तास व्हिडिओ बघून मिळालेलं 'आजीवन वैध' पत्र इथे कामाचं नाही. या युनिटमध्ये 120 कामगार, म्हणजे पेटी एक पुरते. पण सीझनला पाळ्या दोन, वर कुणाची ना कुणाची साप्ताहिक सुट्टी, म्हणून माणसं तीन लागतात. त्यांच्याकडे तीन होतीही. पण तिघांना एकाच बॅचला पाठवलेलं, म्हणून तिघांची मुदत एकाच दिवशी संपत होती. तीही मे महिन्यात, जेव्हा आंब्याचे ट्रक दारात उभे असतात आणि परीक्षेला एकालाही सोडता येत नाही. त्यांना मी सांगितलं की दोघांना डिसेंबरातच बसवा आणि तिसऱ्याला जानेवारीत. जुन्या पत्राचे चार-पाच महिने वाया जातात, जाऊ देत.

फायर वॉर्डन म्हणजे आग लागली की आपल्या भागातल्या माणसांना बाहेर काढणारा कामगार. त्याच्या पत्राचं गणित निराळं आहे. प्रशिक्षण देणारी एजन्सी त्यावर एक वर्ष लिहील किंवा दोन. ती मुदत एजन्सीने ठरवलेली असते. वॉर्डनचं निम्मं ज्ञान आगीबद्दलचं, कोणत्या आगीला कुठलं एक्स्टिंग्विशर वगैरे, आणि ते टिकतं. उरलेलं निम्मं त्या इमारतीचं असतं. आपल्या भागात कोण काम करतं, ते कुठल्या दाराने बाहेर पडणार, असेंब्ली पॉइंटवर त्यांना कुठल्या यादीवरून मोजायचं, हे सगळं त्यात येतं. इमारत बदलली की हे निम्मं शिळं होतं, मग पत्रावरची तारीख काहीही असो.

त्या युनिटमध्ये नेमकं हेच झालं. वॉर्डनचं प्रशिक्षण जानेवारीचं, म्हणजे ताजंच. एप्रिलमध्ये मॉक ड्रिल घेतलं. शिट्टी वाजली, वॉर्डन आंबे सोलणाऱ्या बायकांना घेऊन मागच्या दाराकडे निघाला. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "अहो, ते दार तर मार्चातच चिरे लावून बुजवलंय!" नव्या कोल्ड स्टोरेजसाठी ती वाट बंद केली होती आणि वॉर्डनला कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर आल्यावर मस्टरवर 61 नावं, उभी माणसं 64. जास्तीचे तिघे कंत्राटदाराचे हमाल, मस्टरवर नसलेले. खरी आग असती तर त्यांना शोधायला कुणी आत गेलंच नसतं.

म्हणून वॉर्डनच्या बाबतीत एजन्सीचा वर्ग वर्षातून एकदा, सीझनची भरती झाल्याबरोबर लावावा. शिवाय दार, भिंत, गोदाम किंवा पाळी बदलली की त्याच आठवड्यात वॉर्डनला जागेवर फिरवून छोटं ड्रिल घ्यायचं. या फेरीचं पत्र मिळत नाही. रजिस्टरमध्ये तारीख, बाहेर पडायला लागलेली मिनिटं आणि सह्या, एवढीच नोंद पुरे. नोकरी बदललेल्या वॉर्डनचं जुनं पत्र फायलीला लावू नये, नव्या जागी त्याने पहिल्यापासून सगळं फिरून बघावं.

आणखी एक घोळ इथे हमखास होतो. "आमचं फायरचं सर्टिफिकेट आहे" म्हणून लोक फॉर्म बी दाखवतात. तो महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखालचा. आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सी त्यात लिहून देते आणि तो दर जानेवारीत व जुलैत द्यावा लागतो. त्यात माणसाच्या प्रशिक्षणाचा संबंध नाही. फॉर्म बी चोख असलेल्या इमारतीतही वॉर्डन बुजलेल्या दाराशी जाऊन उभा राहू शकतो.

मॅनेजरांनी आता पाकीट फोडून दोन फायली केल्यात. प्रथमोपचाराच्या फायलीवर तिघांच्या तीन वेगळ्या तारखा आहेत. वॉर्डनच्या फायलीत पहिल्या पानावर शेडचा नकाशा चिकटवलाय, मागच्या दारावर लाल फुली मारून.